उकड्या तांदळाच्या पोटात पांढरा ठिपका राहतो, गिरणीत कणी होते: दोष कुठे शोधायचा

दिवाळीनंतर भात घरात आलं की महिनाभरात मला हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी छोट्या पुडीत बांधलेल्या तांदळासकट. "ताई, यंदा उकडा नीट झाला नाही. गिरणीवाल्याने तांदूळ फोडला. जे अख्खे दाणे आले, त्यांतले काही शिजताना गळून जातात आणि काही अर्धा तास जास्त उकळूनही मधे टचटचीत राहतात." पुडी उघडून पाहिलं की बहुतेक वेळा तेच दिसतं. दाणा बाहेरून मधासारखा पिवळसर, काचेसारखा, आणि पोटात खडूसारखा पांढरा ठिपका.

मी धान्य तंत्रज्ञान शिकले आणि गेली कित्येक वर्षं सिंधुदुर्गात बचत गटांबरोबर उकड्या तांदळाचं, म्हणजे भात तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेल्या तांदळाचं काम करते. आमच्याकडे आणि गोव्यात उकड्याची पेज हे रोजचं जेवण आहे, त्यामुळे कट्टाभर तांदूळ बिघडला तर घराचं वर्षाचं गणित बिघडतं. गेल्या हंगामात एका गटाचं जया जातीचं तीन क्विंटल भात असंच बिघडलं. ते कसं तपासलं आणि पुढच्या खेपेला काय बदललं ते इथे सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी पुडी पाठवण्याआधी तुम्हाला घरीच शोध घेता येईल.

आधी कणी बघा. गिरणीवाल्याशी भांडायला नंतर जा. या गटाच्या बायका माझ्याकडे आल्या तेव्हा गिरणीत कडाक्याचं भांडण होऊन गेलं होतं. तीनशे किलो भात दिलं, १९८ किलो तांदूळ परत आला आणि त्यातली ४६ किलो कणी होती. नीट उकडलेल्या भातात एवढी कणी निघायला नको. उकडण्याचा एक मोठा फायदाच हा आहे की शेतात, मळणीत किंवा उन्हात दाण्याला आधी गेलेले तडे स्टार्च शिजताना सांधले जातात. ज्या भाताचा सुरय, म्हणजे न उकडता भरडलेला, तांदूळ निम्मा तुटला असता, त्याच भाताचा चांगला उकडा शेकडा दोन-तीनच तुटतो. म्हणून शेकडा तेवीस कणी म्हटल्यावर कुठेतरी मोठी चूक आहे हे नक्की होतं. पण ती चूक भिजवण्यात आहे, वाळवण्यात आहे की गिरणीत, हे तुटलेला तुकडाच सांगतो.

एका पांढऱ्या ताटलीत मी कणीचे शंभर तुकडे मोजून घेतले आणि तुटलेली बाजू वर करून मोबाईलच्या उजेडात एकेक पाहिला. ज्या तुकड्याच्या तुटलेल्या तोंडावर पांढरा, पिठूळ गाभा दिसतो, तो भिजवण्यातला दोष. दाण्याचा मधला भाग कच्चा राहिला, बाहेरचं कवच शिजलं, आणि गिरणीचा दाब आला की दाणा त्या मऊ गाभ्यापाशी मोडला. ज्या तुकड्याचं तोंड आरपार काचेसारखं आहे आणि काप सुरीने आडवा मारल्यासारखा स्वच्छ आहे, तो वाळवण्यातला दोष. दाणा पूर्ण शिजला होता, पण वाळताना त्याला आडवी चीर गेली. आणि ज्या तुकड्यांची टोकं गोल झिजलेली आहेत, अंगाला कोंडा चिकटलेला आहे, तांदूळ गिरणीतून निघताना हाताला चटका लागेल इतका तापलेला होता, तिथे दोष गिरणीच्या दाबाचा.

या गटाच्या शंभर तुकड्यांत ५८ पांढऱ्या गाभ्याचे निघाले, ३४ काचेसारखे आणि फक्त ८ झिजलेले. म्हणजे बिचाऱ्या गिरणीवाल्याच्या माथी जे खापर फोडलं गेलं, त्यातलं फारच थोडं त्याचं होतं. भात त्याच्या दारात पोचलं तेव्हाच बिघडलेलं होतं, आणि तेही दोन वेगवेगळ्या कारणांनी.

आता पांढरा गाभा का राहतो ते बघू. स्टार्च शिजायला नुसती उष्णता पुरत नाही, पाणीही लागतं. तांदळाचा स्टार्च जातीनुसार साधारण ५५ ते ७९ अंशांच्या दरम्यान फुगून शिजतो, पण त्याच्याजवळ पुरेसा ओलावा असेल तरच. दाण्याचा ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास गेला आणि तो पाकळीपासून पोटापर्यंत सगळीकडे सारखा पसरला, की मग वाफेची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. गाभा कोरडा असेल तर वाफ तासभर दिली तरी गाभा कोरडाच राहतो. उलट बाहेरचा थर जास्त शिजतो, रंग काळवंडतो आणि दाणा कडक होतो. ठिपका दिसला की वाफ वाढवणं ही मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि तिने कधीच काही सुधारत नाही.

या गटाने काय केलं होतं? गावची जुनी रीत दोन उकडींची. संध्याकाळी भाण्यात भात आणि पाणी घालून चांगलं तापवायचं, रात्रभर तसंच झाकून ठेवायचं, सकाळी पाणी काढून तळाला थोडंसं पाणी ठेवायचं आणि पुन्हा वाफ येईपर्यंत उकडायचं. गटाला एका दिवसात सगळं उरकायचं होतं, कारण वाळवायला ऊन सापडलं पाहिजे. म्हणून सकाळी सातला पाणी तापवलं, बोट बुडवून अंदाज घेतला, भात ओतलं आणि दहाला पाणी काढून वाफ दिली. थर्मामीटर नव्हता. मी नंतर त्याच भाण्यात तसंच करून पाहिलं तर भात ओतल्यावर मिश्रण ५८ अंशांवर होतं आणि तीन तासांत ४४ वर आलं. एवढ्या कोमट पाण्यात जयासारख्या जाड दाण्याच्या पोटापर्यंत पाणी तीन तासांत पोचत नाही.

गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी मात्र ठाम होत्या. "तूस फुटला की उकड झाली गो. आमी जल्मभर तसाच केला." त्यांचं चुकत नव्हतं. रात्रभर भिजलेल्या भातात तूस फुटणं ही खरोखर उकड झाल्याची खूण आहे, कारण तोवर पाणी आतपर्यंत गेलेलं असतं. पण भिजवणं कमी केलं की खूण फसवते. दाण्याचा बाहेरचा भाग फुगतो, तुसाची शिवण उलते आणि पोट कोरडंच असतं. आजींनी खूण लक्षात ठेवली होती, नव्या घाईने तिच्या आधीची रात्र काढून टाकली होती. हे समजावल्यावर त्यांनीच पुढच्या खेपेला सगळ्यांना दमात घेतलं.

एका दिवसात उरकायचं असेल तर गरम पाण्यात भिजवण्याची पद्धत आहेच. म्हैसूरच्या सीएफटीआरआयने, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, ती गिरण्यांसाठी बसवून दिली. पाणी ८५ अंशांपर्यंत तापवायचं आणि मग त्यात भात ओतायचं. थंड भातामुळे मिश्रण आपोआप ७० च्या आसपास येतं. शंभर किलो भाताला सव्वाशे लिटर पाणी घेतलं आणि भात २८ अंशांवर असलं, तर हिशेबाने ७१ अंश येतात. हे तापमान टिकलं तर तीन ते साडेतीन तासांत भिजवण होते. मोठ्या टाकीत ते टिकतं, आपल्या भाण्यात टिकत नाही. म्हणून भाण्याला गोणपाटाचे दोन थर गुंडाळायचे, तोंडावर झाकण आणि त्यावर पुन्हा गोणपाट, आणि तासाला एकदा थर्मामीटर घालून बघायचं. ६० च्या खाली गेलं तर तळाशी मंद जाळ करून परत वर आणायचं आणि उलथन्याने हलवायचं. आम्हाला अशा रीतीने साडेपाच तास लागले.

७५ च्या वर मात्र नेऊ नका. भिजत असतानाच दाणा शिजायला लागला तर तो तूस उलवून पाणी भरमसाट पितो, पीठ पाण्यात उतरतं, आणि वाळल्यावर दाणा वेडावाकडा होतो. उलट थंड पाण्यात दोन-तीन दिवस भिजवणारेही लोक आहेत. त्यात गाभा भिजतो, पण पाणी आंबतं आणि तो वास तांदळात कायमचा बसतो. ज्यांना उकड्याचा वास आवडत नाही असं वाटतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना खरं तर हा आंबलेल्या पाण्याचा वास आवडत नसतो. थंड भिजवणच करायची असेल तर दिवसातून दोनदा पाणी बदला.

भिजवण पुरी झाली हे कसं ओळखायचं? मूठभर दाणे काढा, तूस सोला आणि दाणा नखाखाली दाबा. तो पुरा चिरडून लापशीसारखा झाला तर पाणी पोचलं. मधे रव्याएवढा कण नखाला अडला तर अजून वेळ द्या. दहा दाणे वेगवेगळ्या जागचे घ्या, तळाचे, मधले आणि वरचे. एका दाण्यावर विश्वास ठेवू नका.

याहून पक्की एक युक्ती आहे, आणि ती भिजवण्याला आणि वाळवण्याला दोन्हीकडे कामी येते. ओलावा मोजायचं यंत्र प्रत्येकाकडे नसतं, पण वजनकाटा असतो. भात ओतण्याआधी त्यातलं बरोबर दहा किलो भात कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरा, पिशवीला रंगीत फडकं बांधा आणि ती बाकीच्या भाताच्या मध्यभागी ठेवून सगळ्याबरोबर भिजवा, उकडा, वाळवा. नीट वाळलेल्या भातात साधारण १३ टक्के पाणी असतं, म्हणजे दहा किलोत ८.७ किलो कोरडा पदार्थ. तो पुढच्या सगळ्या पायऱ्यांत जवळपास तेवढाच राहतो, बदलतं ते फक्त पाणी. मग पिशवीचं वजनच ओलावा सांगतं. ओलावा ३० टक्के झाला की पिशवीतलं भात १२.४ किलो भरतं. १८ टक्क्यांवर ते १०.६ किलो असतं, आणि परत १३ टक्क्यांवर आलं की दहा किलो. रिकाम्या ओल्या पिशवीचं वजन वजा करायला विसरू नका, आणि भिजवल्यानंतर तोलण्याआधी अर्धा तास निथळू द्या, नाहीतर तुसावरचं पाणीही मोजलं जातं. भिजताना थोडा पदार्थ पाण्यात उतरतो, म्हणून पुढचे आकडे शंभर ग्रॅमने कमी धरले तरी चालतं.

दुसऱ्या खेपेला गटाच्या पिशवीचं वजन तीन तासांनी ११.५ किलो होतं. एरवी त्यांनी तेव्हाच पाणी काढलं असतं. साडेपाच तासांनी १२.४ झालं आणि नखाच्या परीक्षेत एकही दाणा अडला नाही. मग पाणी काढलं, तळाला वीतभर उंच बांबूची जाळी ठेवून तिच्याखाली पाणी उकळलं, आणि वरच्या थरातून वाफ बाहेर यायला लागल्यावर घड्याळ लावून बारा मिनिटं दिली. एवढंच. पूर्वी त्या पाऊण तास वाफ देत होत्या. लाकूडही वाचलं आणि तांदळाचा रंगही उजळ आला.

आता त्या काचेसारख्या ३४ तुकड्यांकडे येते, कारण वाळवण्यातली चूक जास्त फसवी आहे. उकडल्यावर भातात ३५ टक्क्यांच्या घरात पाणी असतं. ते पहिल्यांदा कितीही झपाट्याने वाळवलं तरी दाण्याला काही होत नाही, कारण दाणा अजून रबरासारखा लवचीक असतो. १६ टक्क्यांच्या आसपास तो कडक व्हायला लागतो. त्याच्या खाली एकाच दमात वाळवत नेलं तर दाण्याची कड कोरडी आणि आत ओलं अशी ओढाताण होते आणि दाणा आडवा चिरतो. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की चीर उन्हात असताना पडत नाही. भात गोळा करून ठेवल्यावर पुढच्या काही तासांत, आतला ओलावा बाहेर सरकताना ती पडते. म्हणून खळ्यातून उचलताना दाणा सोलून बघितला तर तो अगदी धडधाकट दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत त्याचे तुकडे होतात. मग साहजिकच गिरणीवर संशय जातो.

यावर उपाय मधे थांबण्याचा आहे. पिशवी १०.६ किलोवर आली की वाळवणं बंद करायचं. भाताचा ढीग करायचा, गोणपाटाने झाकायचा आणि सावलीत रात्रभर मुरू द्यायचा. या काळात दाण्यातला ओलावा आत-बाहेर सारखा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात परत पसरायचं आणि पिशवी दहा किलोवर आली की संपलं. पहिल्या दिवशी थर दोन बोटं जाड आणि दर अर्ध्या तासाने पाय किंवा फावडं फिरवून उलटापालट. दुसऱ्या दिवशी थर दुप्पट जाड ठेवायचा, म्हणजे वाळण्याचा वेग कमी राहतो.

गटाने पहिल्या खेपेला गच्चीवर काळ्या ताडपत्रीवर एकच पातळ थर दिला होता आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तडतडीत वाळवलं होतं. दुपारी दोनला ताडपत्रीवर पाय ठेवता येत नव्हता, असं त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या खेपेला सकाळी साडेदहाला शेणाने सारवलेल्या खळ्यात पसरलं. पावणेतीनला पिशवी १०.६ भरली. अजून भरपूर ऊन होतं आणि ते फुकट घालवायला कुणाचं मन होत नव्हतं, पण ढीग केला. दुसऱ्या दिवशी सव्वातीन तासांत दहावर आलं. त्यानंतर आणखी एक पूर्ण दिवस कट्ट्यांत ठेवून मग गिरणीत नेलं.

गिरणीबद्दल मला थोडंच सांगायचं आहे. उकडलेल्या भाताचं तूस आधीच उललेलं असतं, त्यामुळे ते सहज सुटतं. पण दाणा कडक असतो आणि कोंडा निघायला सुरयपेक्षा जास्त घासावा लागतो. त्यातच उकडताना कोंड्यातलं तेल बाहेरच्या बाजूला येतं, त्यामुळे उकड्याचा कोंडा तेलकट असतो, जाळीत चिकटतो, आणि जाळी बुजली की आत तांदूळ तापतो. म्हणून पॉलिशची जाळी मधे मधे साफ करायला सांगा, आणि तांदूळ एकदम जोराने घासण्याऐवजी हलक्या दाबाने दोनदा काढायला सांगा. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो आणि दाण्यावर दाबही जास्त येतो. रबर रोलची सोय जवळपास असेल तर तिथेच न्या.

पण इथे एक आग्रह धरावासा वाटतो. उकडा पांढरा करायला बघू नका. बाजारात गोऱ्या तांदळाला दर मिळतो म्हणून काही जण उकड्यालाही चार-चार पॉलिश मारून घेतात. त्याचा पिवळसर रंग कोंड्याचा नसतो, भिजताना तुसातला आणि कोंड्यातला रंग आत मुरलेला असतो आणि वाफेनेही थोडा रंग येतो. तो घासून जात नाही. जातो फक्त तांदूळ, पीठ होऊन.

पोषणाचा प्रश्न इथेच येतो, आणि धान्य तंत्रज्ञान शिकणारी मुलं तो मला हमखास विचारतात. ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, उष्णतेने नासतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मग उकडलेल्या तांदळात ते जास्त कसं? उत्तर असं की अख्ख्या भाताच्या हिशेबाने ते थोडं कमीच होतं. काही भिजवणीच्या पाण्याबरोबर जातं, काही वाफेने नासतं. पण सुरय तांदळात ते मुख्यतः अंकुरात आणि कोंड्याच्या थरात असतं, आणि पॉलिश करताना नेमका तोच भाग आपण काढून फेकतो. भिजताना ते पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच दाण्याच्या आत सरकतं, आणि स्टार्च शिजला की तिथेच अडकून राहतं. मग वरचा थर घासला तरी आतलं शिल्लक राहतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम बिनपॉलिशच्या तांदळात सुमारे ०.२७ मिलिग्रॅम, पॉलिश केलेल्या सुरय तांदळात ०.०५ आणि पॉलिश केलेल्या उकड्यात ०.१७ मिलिग्रॅम थायमिन दिलं आहे. म्हणजे पॉलिश दोन्हीला झाली, तरी उकड्यात तिप्पट उरलं.

हा फरक एकेकाळी माणसांच्या जीवावर बेतलेला आहे. १९०५-०६ साली क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात डॉक्टर फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन भाग केले. एकांना सयामचा पांढरा तांदूळ दिला आणि दुसऱ्यांना हिंदुस्थानातून येणारा उकडा. थायमिनच्या कमतरतेने होणारी बेरीबेरी पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत पसरली. तेव्हा जीवनसत्त्व हा शब्दही जन्माला आलेला नव्हता.

तरीही उकड्याला हातसडीच्या जागी बसवू नका. रिबोफ्लेविन उकडल्याने वाढत नाही, त्याच तक्त्यांत ते दोन्ही तांदळांत जवळपास सारखंच आहे. तंतुमय भाग आणि तेल तर कोंड्याबरोबर जातंच, उकडा असो की सुरय. पाण्यात विरघळणारं जे आत सरकू शकतं, तेवढंच वाचतं. आणि म्हणूनच मी पांढऱ्या ठिपक्याला नुसता शिजण्याचा दोष मानत नाही. ज्या दाण्याच्या पोटापर्यंत पाणी पोचलं नाही, तिथपर्यंत पाण्याबरोबर जाणारं थायमिन तरी कसं पोचणार?

स्वयंपाकघरातही याचा हिशेब आहे. सुरय तांदूळ तीन-चारदा चोळून धुतला तर त्यातलं थोडंफार असलेलं थायमिनही पाव ते निम्मं धुऊन जातं. उकड्यातलं घट्ट बसलेलं असतं, धुण्यात फारसं जात नाही. भाताचं पाणी काढून टाकलं तर मात्र उकड्यातूनही जातं. पेजेत पाणी भाताबरोबर पोटात जातं, त्यामुळे तिथे हा तोटा नाही. उकडा शिजायला जास्त वेळ घेतो हे खरं, पण तो सगळा सारखा शिजला पाहिजे. वेळ जास्त लागणं हा दोष नव्हे. काही दाणे गळणं आणि काही टचटचीत राहणं हा दोष आहे, आणि तो बहुधा तुकडे, ठिपकेवाले आणि चांगले दाणे एकत्र असल्यामुळे येतो.

दुसऱ्या खेपेचं भात त्याच गिरणीत, त्याच यंत्रावर भरडलं. तीनशे किलोचे २०७ किलो तांदूळ आले आणि कणी सात किलो. शंभर दाणे काचेवर पसरून खालून मोबाईलचा टॉर्च धरला, तर पहिल्या खेपेच्या अख्ख्या तांदळात ३१ दाण्यांच्या पोटात सावली दिसली होती, या वेळी तिघांच्या. गटाच्या बायकांनी गिरणीवाल्याकडे जाऊन आधीच्या भांडणाबद्दल माफी मागितली.

हे आकडे जयाचे आहेत, जाड दाण्याचे. बारीक दाणा लवकर भिजतो, साडेपाच तास दिलेत तर तो जास्त पाणी पिऊन उलेल. म्हणून दुसऱ्या जातीला वेळ माझ्याकडून घेऊ नका, पिशवी दर तासाला तोला आणि १२.४ वर थांबा. दोन जाती एकत्र उकडू नका, त्यांना एक वेळ कधीच जुळत नाही. आणि भात आधीच १३ टक्क्यांवर नसेल, ताजं मळलेलं ओलसर असेल, तर पिशवीचे सगळे आकडे चुकतील. ते आधी दोन उन्हं देऊन वाळवा किंवा गिरणीतल्या ओलावामापकावर एकदा बघून घ्या. या वर्षीच्या जातीची वेळ आणि वजनं पिशवीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, पुढच्या मार्गशीर्षात तीच लागतील.